समितीचे सदस्य सचिव

नाशिकच्या जिल्हा कार्यालयात मी आस्थापना शाखेत कारकून होतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आदेशाचा मसुदा करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा मला माज होता. आता त्याची लाज वाटते.

पेठकडच्या एका आरोग्य केंद्रात अडलेल्या बाळंतिणीला जीप मिळाली नाही. बैलगाडीतून नेताना ती वाटेतच गेली. तिथल्या नर्सबाई म्हणत होत्या, जीप डॉक्टरांनी घरचं सामान आणायला धाडली होती. डॉक्टर म्हणत, बाईंनी मला कळवलंच नाही. बाई निलंबित झाल्या आणि चौकशी समिती नेमायचं ठरलं.

मसुदा माझा. अध्यक्ष, एक सदस्य, एक सदस्य सचिव. चौकशीचे मुद्दे तीन: जीप कुठे होती, निरोप पोचला होता का, जबाबदार कोण. मुदत तीस दिवस. अहवाल मोठ्या साहेबांना, कारण समिती त्यांच्याच सहीने नेमलेली. सदस्यांची नावं मी घातली नाहीत, नुसती पदं घातली. नाव घातलं आणि माणूस बदलून गेला, की सुधारित आदेश काढा, पुन्हा सही घ्या, पुन्हा प्रती वाटा. एवढा उपद्व्याप सांगितलाय कोणी? साहेबांनी मसुदा वाचून शाबासकीही दिली.

पंधरा दिवसांत मुंबईहून बदल्यांचे हुकूम आले. पेठचे डॉक्टर नाशिकला सहायक आरोग्य अधिकारी झाले. समितीचे सदस्य सचिव म्हणून मी आदेशात घातलेलं पद तेच.

बाई जबाबाला आल्या, दारातूनच आत पाहिलं आणि तडक माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, त्येच बसलेत तिथं. मी कोनापुढं बोलू?"

समिती बदलणं फक्त मोठ्या साहेबांच्या हातात होतं. मी बाईंकडून अर्ज लिहून घेतला आणि त्याच दिवशी वर पाठवला. आठवड्याने तो परत आला. समासात साहेबांचा शेरा होता, ‘समितीचे अभिप्राय घ्यावेत.’ समितीचा पत्रव्यवहार सदस्य सचिव पाहतात. म्हणजे बाईंची तक्रार ज्यांच्याविरुद्ध होती, त्यांच्याच टेबलावर मी ती नेऊन ठेवली. दुसरं काही करण्याचं मला सुचलंही नाही आणि धाडसही झालं नाही.

अभिप्राय दोन ओळींत आला: नेमणूक पदनामाने आहे, व्यक्तीचा प्रश्न उद्भवत नाही. तारखेचा शिक्का मारून मी तो फाइलला लावला. अहवाल मुदतीच्या आत गेला. निरोप पोचल्याचा पुरावा नाही, जबाबदारी नर्सची.

बडतर्फीच्या हुकुमाची प्रत घ्यायला बाई आल्या, तेव्हा समितीचा जुना आदेशही त्यांच्या हातात होता. तो त्यांनी माझ्यापुढे सरळ करून ठेवला.

"भाऊ, ह्यात कोनाचंच नाव नाय," त्या म्हणाल्या. "माझं तेवढं बापाच्या नावासकट लिवलंय तुमी."