वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं

गोदामातल्या कारकूनबाईंना सगळे 'बाई' म्हणत. मापाडीही, मॅनेजरही. बाई बोलायला फटकळ, पण कामात चोख. त्यांच्या टेबलावर एकदा कॉस्टिक सोड्याच्या जळजळीत द्रावणाच्या कॅनसोबत सुरक्षा माहितीपत्रक आलं. सोळा पानं, सगळी इंग्रजीत. मॅनेजर म्हणाले, "धोके आणि प्रथमोपचार मराठीत करा. लोडर लोकांना वाचता आलं पाहिजे."

बाईंनी शब्दकोश उघडला आणि दोन दिवसांत असा मजकूर तयार केला की काय सांगावं! 'नेत्रसंपर्क झाल्यास काही मिनिटे जलाने सावधपणे प्रक्षालन करावे.' स्वतःवरच खूश होऊन कागद घरी नेला, सासऱ्यांना दाखवायला.

सासरे, म्हणजे आप्पा. जन्मभर त्याच गोदामात हमाली केलेले. उजवा डोळा पांढरा पडलेला. कसा गेला, तो विषय घरात कोणी काढत नसे. आप्पांनी कागद नाकाशी धरला, वाचला आणि खो खो हसत सुटले.

"सूनबाई, हे कोणासाठी? कोर्टासाठी?"

"अहो आप्पा, बरोबर आहे ते!"

"बरोबर असेल गं. पण डोळा जळत असताना प्रक्षालन कोण करतंय? बरं, थांब. मी करून दाखवतो, कागदात लिहिलंय तसंच."

म्हातारा उठला तो थेट बेसिनपाशी. सासूबाई ओरडल्या, "अहो, सदरा भिजेल!" आप्पांनी ओंजळीने दोनदा पाणी मारलं, टॉवेलने खसाखसा पुसलं आणि म्हणाले, "झालं."

"एवढ्यात?"

"काही मिनिटे म्हणजे किती, तू लिहिलंस का? घाई असली की माणसाला एक मिनिटही फार वाटतं." मग टॉवेल दांडीवर टाकत म्हणाले, "माझ्या वेळीही दोन तांबे पाणी मारलं, फडक्याने पुसलं आणि टेम्पोत घातलं. दवाखाना तासाभराचा. सगळ्यांनी जीव तोडून धावपळ केली बिचाऱ्यांनी."

बाईंनी तो कागद तिथेच फाडला.

पण मनानेच आकडा कसा टाकायचा? सकाळी त्यांनी माल बनवणाऱ्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "प्रथमोपचाराच्या भागात पुढे स्पष्ट आहे बघा, किमान वीस मिनिटं." बाईंनी कपाळावर हात मारला. पहिली ओळ वाचून पुढची राहिली होती! मग नवा कागद झाला. आप्पांना एकेक ओळ वाचून दाखवत, ते अडले की खोडत:

'धोका. हा माल अंगावर उडाला तर कातडी भाजते. डोळ्यात गेला तर नजर कायमची जाऊ शकते.
डोळ्यात गेला: लगेच नळाखाली धरा. पापण्या बोटांनी उघड्या ठेवा. घड्याळ बघून वीस मिनिटं धुवा. चोळू नका. लेन्स असतील आणि सहज निघत असतील तर काढा. धुणं चालू असतानाच दुसऱ्याने डॉक्टरला फोन करावा.
पोटात गेला: तोंड धुवा. उलटी करायला लावू नका.'

अधिकाऱ्याने तपासून होकार दिला. कागद नळावर चिकटवला, शेजारी घड्याळ टांगलं. लोडरांनी टिंगल केली, "बाई, आता तोंड धुवायलाही घड्याळ?"

"तुझ्या तोंडाला वीस मिनिटं पुरणार नाहीत," बाई म्हणाल्या.

महिना गेला. एका कॅनचं झाकण सैल होतं आणि पैलवान नावाच्या लोडरने सुरक्षेचा चष्मा कपाळावर चढवलेला. उडालं ते थेट डोळ्यात. बाई धावत आल्या तोवर दोघांनी त्याला नळाखाली वाकवलं होतं, तिसरा डॉक्टरशी बोलत होता. मॅनेजर ओरडत आले, "गाडी लागलीय, उचला त्याला!"

मापाडी जागचा हलला नाही. "साहेब, बारा मिनिटं बाकी आहेत."

"अरे, मी सांगतोय!"

"डॉक्टर पण धुवा म्हणताहेत. कागद पण तेच म्हणतो."

बाईंची नजर घड्याळावरच होती. वीस झाली तेव्हाच गाडी हलली, आणि माहितीपत्रक पैलवानासोबत गेलं. डॉक्टर म्हणाले, एवढं धुतलं म्हणून डोळा राहिला.

आठवड्याने पैलवान बाईंच्या घरी आला, आप्पांना भेटायला. आप्पांनी त्याला दारातल्या उजेडात उभं केलं, हनुवटी वर केली आणि डोळा नीट निरखला.

"भिंतीवरचं कॅलेंडर वाच."

पैलवानाने तारीख वाचली, वार वाचला, खालची बारीक जाहिरातसुद्धा वाचली. आप्पा हसता हसता रडायला लागले.

"बास रे बास! सूनबाई, चहा टाक. आणि याला सांग, चष्मा डोळ्यावर घालायचा असतो."