माझ्या पहिल्या पाठाचं टाचण

बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुली माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. लग्नाआधी आणि नंतरही मी मुंबईत एका कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. वसईला फ्लॅट घेतल्यावर रोजची ये-जा नकोशी झाली आणि शिकवायचं ठरवलं. कचेरीतल्या त्या सवयीमुळे कागदपत्रं नीटनेटकी ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी समजूत होती. ती निराधार नव्हती. माझी फाईल बघून मुली म्हणायच्या, “ताई, तुमच्या फाईलला इस्त्री करता का हो?”

सरावपाठ वसईतल्याच माणिकपूरच्या एका शाळेत असायचे. पाठ घेण्याआधी त्याचं टाचण लिहून मार्गदर्शक बाईंना दाखवायचं, त्यांनी सही केली तरच वर्गात पाऊल टाकायचं. सही नाही तर पाठ नाही. आणि पाठ चुकला तर तो पुन्हा कधी मिळेल, हे शाळेच्या सोयीवर. माझा पहिला पाठ सोमवारी होता. पाचवीचा वर्ग, विषय बाष्पीभवन.

शुक्रवारी दुपारी मी टाचण बाईंपुढे ठेवलं. समास आखलेले, शीर्षकं हिरव्या शाईत, प्रत्येक टप्प्यापुढे मिनिटं लिहिलेली. डाव्या रकान्यात शिक्षकाने काय करायचं, उजव्या रकान्यात विद्यार्थी काय करतील. बाईंनी चष्मा लावला, लाल पेन उघडलं आणि ते बराच वेळ बंद केलंच नाही.

“हे कोणासाठी लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“पाचवीसाठी, मॅडम.”

“मग पाचवी कुठे आहे यात? मला तुम्हीच दिसताय. तुम्ही विचारताय, तुम्हीच उत्तर देताय.” त्यांनी बोट ठेवलं. प्रस्तावनेतला माझा शेवटचा प्रश्न होता: ओले कपडे वाळतात तेव्हा पाण्याचे काय होते? शेजारच्या रकान्यात अपेक्षित उत्तर: पाण्याचे बाष्पीभवन होते. “हे त्यांना येतंय तर सोमवारी वर्गात जाता कशाला? घरी बसा. शेवटचा प्रश्न मुलांना अडवणारा हवा. ती अडली की मग तुम्ही विषय सांगायचा.”

मागे बसलेल्या दोघी हसल्या. बाई पुढे बोलतच होत्या. मुलं वीस मिनिटं नुसती ऐकणार, करणार काहीच नाहीत. फळ्यावर लिहायचं ते इतकं आहे की फळा वाढवून मागावा लागेल. शेवटी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. “नीटनेटकं आहे. पण पाठ नाही हा. उद्या दुपारी परत आणा.”

माझ्याकडे उत्तरं तयार होती. हाच नमुना मागच्या वर्षीच्या मुलींनी वापरला होता. पुस्तकात असाच दिला होता. आणि मिनिटांची विभागणी तर बाईंनीच सांगितली होती. तोंड उघडलंही होतं. पण वाद घालायला बसले असते तर शुक्रवार त्यातच संपला असता आणि सोमवारचा पाठ गेला असता. शिवाय खरं सांगायचं तर, तो शेवटचा प्रश्न मी पुन्हा वाचला आणि मलाच हसू आलं. मुलं उत्तर देऊन मोकळी झाली असती आणि मी पुढची मिनिटं काय केलं असतं?

म्हणून मी विचारलं, “मॅडम, यातलं आधी काय बदलू?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “उजवा रकाना. मुलं काय बोलतील ते मुलांसारखं लिहा. चुकीचंसुद्धा लिहा. चुकीचं उत्तर आलं तर तुम्ही काय करणार, ते मला वाचायचंय.”

बाहेर आल्यावर वटार गावाहून येणारी माझी वर्गमैत्रीण म्हणाली, “काय गं ताई, रडली नाहीस? मी तर पहिल्या टाचणाला दोन दिवस जेवले नव्हते.”

“माझ्याकडे दोन दिवस नाहीत,” मी म्हटलं.

घरी मुलं मिळणार नव्हती, म्हणून होती त्या माणसांना विद्यार्थी केलं. भाजी निवडत बसलेल्या सासूबाई आणि नुकतेच घरी आलेले नवरोबा. मी दोघांना बजावलं, पाचवीतल्या मुलासारखं उत्तर द्यायचं.

“ओले कपडे वाळले की पाणी कुठे जातं?”

“खालच्या मजल्यावरच्या बाईच्या चादरीवर,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “परवाच भांडून गेली ना ती.”

“आई, ते गळलेलं. उरलेलं कुठे जातं?”

“उन्हात जळून जातं,” नवरा म्हणाला.

“पावसात कपडे आत घालतो तेव्हा ऊन कुठे असतं? तरी वाळतात,” सासूबाईंनी त्याला गप्प केलं. “पंख्याखाली घातले तर लवकर.” मग थांबून म्हणाल्या, “पण मग पाणी जातं कुठे, ते सांग की तू. आम्हालाच विचारत बसलीस.”

दोघंही अडली होती. मी भराभर लिहून घेतलं. पाणी खालच्या बाईच्या चादरीवर गळतं. उन्हात जळतं. पंख्याने जातं, पण कुठे ते माहीत नाही. माझ्या सगळ्या सुंदर वाक्यांत यातलं एकही नव्हतं.

रात्रीपर्यंत उजवा रकाना नवा झाला. ‘जळून जाते’ असं उत्तर आलं तर काय करायचं, तेही लिहिलं: सावलीत वाळणाऱ्या कपड्याची आठवण करून द्यायची. आणि भाषण छाटून एक प्रयोग घातला. फळ्यावर ओल्या फडक्याने दोन सारखे पट्टे ओढायचे, एकाला वहीने वारा घालायचा, दुसऱ्याला नाही. कोणता आधी नाहीसा होतो ते मुलांनीच पाहायचं. पट्टे आधी स्वयंपाकघरातल्या कडाप्प्यावर ओढून बघितले. नवऱ्याने वारा घातला आणि विचारलं, “मला गुण किती?”

शनिवारी बाईंनी वाचलं. मधेच एकदा हसल्याही, बहुधा चादरीशी. पण फलकलेखनावर पुन्हा लाल रेघ आली. “अजून पसरट आहे. अर्धं काढा.” मग खाली सही केली.

सोमवारी बाई मागच्या बाकावर बसल्या. मी प्रश्न विचारला. ‘जळून जातं’ आलं, अगदी घरच्यासारखं. सावलीतल्या कपड्याने ते परतवलं. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, आमचे बोंबील पन वाळतात. पानी कुठं जाते मंग?”

बोंबील माझ्या टाचणात कुठेच नव्हते. एक क्षण मी डाव्या रकान्याकडे पाहिलं. तिथे काहीच मदत नव्हती. “तू सांग, बोंबील लवकर कधी वाळतात?” मी तिलाच विचारलं.

“वारा असला की. नायतर वास मारते.”

सगळा वर्ग हसला. मी फळ्यावर दोन ओले पट्टे ओढले, तिला पुढे बोलावून वही दिली आणि तिनेच एका पट्ट्याला वारा घातला. तो डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या आधी विरून गेला, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, “हवेत गेलं, बाई!” मी फळ्यावर ‘बाष्पीभवन’ लिहिलं. त्या दिवशी तो शब्द मुलांना खरंच हवा होता.

तास संपल्यावर बाईंनी निरीक्षणाचा कागद दिला. वर दोन ओळी बऱ्या होत्या. खाली मोठी यादी: आवाज शेवटी वाढतो, फक्त उजव्या बाजूच्या मुलांना प्रश्न, वर्गाकडे पाठ करून लिहिणे. मी कागद वाचत उभी होते तेव्हा मैत्रीण डोकावली. “बापरे, एवढं?”

“हं,” मी म्हटलं. “डावीकडच्या मुलांची नावं कोणाला माहीत आहेत? बुधवारच्या पाठाला तिथूनच सुरुवात करते.”