कुलूप आधी, हात नंतर

कश्मिरा म्हणजे बोलण्याची टकळी. आखातातल्या सनद गावच्या घरात ती चहा गाळतानासुद्धा दोन गोष्टी सांगून मोकळी होते. आणि ती चित्रं काढते त्या स्टुडिओने तिला काय काम द्यावं, तर कारखान्यातल्या सुरक्षिततेवर एकही शब्द नसलेली कार्टून फिल्म! तिचा नवरा दत्तप्रसाद पोट धरधरून हसला.

पण हे काम तिचं स्वतःचं होतं. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांची चित्रं रंगवली होती. जवळच्याच सित्राच्या कारखान्यातल्या नाना भाषांच्या कामगारांना ही फिल्म कळली नाही, तर स्टुडिओचे साहेब काम काढून घेणार होते आणि पाच भाषांत आवाज भरणार होते.

तिने जीव ओतून चित्रं काढली. मशीनच्या फिरत्या पट्ट्यात माल अडकतो, कामगार मशीन चालू ठेवूनच हात घालतो, हात सापडतो. मग सगळं उलटं फिरतं, आणि तोच कामगार या वेळी आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावतो.

चित्रं ओळीने जोडून तिने ती कारखान्याच्या कँटीनमध्ये कामगारांना दाखवली. कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर हमीद शेजारी बसला होता. पाहिलेलं करून दाखवा, असं तिने खुणेने सांगितलं. मशीनवर काम करणारा पेशावरचा ताहिर उठला. त्याने हात अडकल्याचं सोंग केलं, विव्हळून दाखवलं, हाताला पट्टी बांधली, थोडे दिवस झोपून काढले, बरा होऊन परतल्याचं दाखवलं आणि मग कुलूप लावलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

चित्रं उलटी फिरली म्हणजे वेळ मागे गेली, हे कश्मिरानेच गृहीत धरलं होतं. यांच्या लेखी आधी अपघात, मग शहाणपण. वर माणूस ठणठणीत! स्वतःच्या अकलेवर तिला हसूच आलं.

तिथेच टेबलावर तिने पुन्हा काढायला घेतलं. अपघातच उडवला. हात पट्ट्याजवळ जातो, थबकतो, मागे येतो. मेन स्विच बंद, त्यावर स्वतःचं कुलूप, किल्ली खिशात, म्हणजे दुसरं कुणी मशीन चालू करू शकणार नाही. सुरू करायचं बटण दाबून बघतो, पट्टा हलत नाही. मगच हात आत. सरळ एका दमात गोष्ट.

दुसऱ्या शिफ्टच्या लोकांनी जुनी चित्रं पाहिली नव्हती, म्हणून नवी त्यांनाच दाखवली. शिवदास नावाचा मदुराईचा वयस्कर फिटर पुढे आला. त्याने हवेतच स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, बटण दाबून पाहिलं आणि तो वाकून काम करू लागला. कश्मिरा त्याची प्रत्येक हालचाल आपल्या चित्रांशी ताडून बघत होती.

हमीद मुद्दाम उठला. साहेबी थाटात त्याने शिवदाससमोर हात पसरला आणि किल्ली मागितली.

शिवदासने त्याच्याकडे पाहिलं, खिसा घट्ट दाबून धरला आणि नकारार्थी मान हलवली. काम संपल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती, साहेबालाही नाही.

"खलास, झालं काम," हमीद कश्मिराकडे वळून म्हणाला, "हीच फिल्म बनवा."