बोगनवेलीच्या पानाची कड

नववीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पानाचा फोटो द्यायचा, हे विज्ञानाच्या मोठ्या सरांनी ठरवलं. खोपोलीच्या रस्त्यालगतची आमची शाळा, कुंपणावर बोगनवेल ओसंडतेय, तरी मुलांच्या हातात काय, तर सरांच्या मोबाइलमधल्या फोटोची रंगीत प्रत. मी तासाच्या मानधनावर विज्ञान शिकवणारी, कायम नसलेली. घरातली पहिली पदवी माझी, पण शाळेत माझ्या मताला कोण विचारतं!

प्रश्न दोन गुणांचा होता. शिराविन्यास ओळखा, पर्णधारा म्हणजे पानाची कड ओळखा. मधल्या शिरेपासून फाटे फुटून त्यांची जाळी झालेली, म्हणजे जाळीदार. ते सगळ्यांनी लिहिलं. फोटोत एका बाजूला तीन गोल खाचा होत्या, म्हणून कड ‘खंडित’, असं सरांच्या उत्तरात होतं. वरच्या आदिवासी ठाकूरवाडीतून चालत येणाऱ्या एका मुलीनं मात्र ‘सलग’ लिहिलं. सरांनी लाल फुली मारली आणि वर्गात तिला उभं केलं.

ती म्हणाली, “सर, ती कड पानाची नाय. माशीनं कापलीय. दुसऱ्या बाजूला खाच नाय, आणि शिरा मधीच तुटल्यात.”

“तू बसली होतीस का गं तिथं, कापताना?”

“हो सर. मधमाशीवानी असते, गोल तुकडा कापून घरट्याला नेते ती.”

वर्ग हसला. सरही हसले. मला ते हसणं अजून सहन होत नाही.

तालुक्याच्या विज्ञान शिबिरासाठी शाळेतून एकच नाव जाणार होतं, प्रात्यक्षिकाच्या गुणांवर. त्या एका गुणानं ती बाजारपेठेतल्या एका मुलाच्या मागे पडली होती. मी कुंपणाशी गेले, एकाच फांदीची सहा पानं तोडली. पाचांची कड साफ सलग, सहाव्याला तशाच खाचा. ती मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी पाहिली, सरांना बोलावलं. सरांनी चूक कबूल केली असती तर खंडित लिहिणाऱ्यांचा गुण गेला असता आणि ती पुढे आली असती. ते म्हणाले, “फोटो संदिग्ध आहे. प्रश्न रद्द करू, सगळ्यांना पूर्ण गुण देऊ.” बाईंनी मान डोलावली. दोघांचे गुण सारखे झाले, निवड सरांकडे गेली. यादीत नाव मुलाचं.

संदिग्ध! सहा पानं समोर पडलेली असताना!

मी मुलीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “मग माझं बरोबर व्हतं का नाय?”

“तुझं एकटीचंच बरोबर होतं.”

“मग तसं लिवा की मॅडम. सगळ्यांचं सारखं कसं?”

तिचा पेपर मी कपाटातून काढला. फुलीच्या शेजारी निळ्या पेनानं लिहिलं, ‘पर्णधारा सलग. उत्तर बरोबर.’ खाली पूर्ण सही केली, तारखेसकट. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला. मी म्हटलं, पान आणून दाखवू का पुन्हा?