काळ्या पातेल्यातला पाक

माझी मैत्रीण हॉटेलात गोड पदार्थ करते. ती कुणाच्या बापाला घाबरत नाही, पण करपणाऱ्या साखरेला घाबरते. तिला शिकवणारी मावशी पाय मोडून घरी पडली होती, म्हणून आज पहिल्यांदाच कॅरमेल, म्हणजे साखरेचा तांबूस होईपर्यंत शिजवलेला पाक, हिच्या एकटीच्या हाती आलं होतं. "कडू झालं तर उद्यापासून येऊ नकोस," असं मालक बजावून गेला होता. धीर द्यायला मला बोलावलं होतं.

काळ्या पातेल्यात पाक उकळत होता. तिनं फोटो काढून मावशीला पाठवला.

लगेच उत्तर आलं. "अजून फिकं आहे गं. थांब."

ती थांबली. पातेल्यातून बारीक धूर निघाला.

"मावशी थांब म्हणतेय," मी म्हटलं.

"मावशी फोटो बघतेय, पातेलं नाही! काळं भांडं दिसलं की मोबाइल सगळंच उजळ करतो."

तिनं चमच्यानं एक थेंब पांढऱ्या बशीत टाकला. रंग गडद तांबूस होता, कडक कोऱ्या चहासारखा. तिनं पातेलं उचलून थंड पाण्याच्या परातीत टेकवलं. चर्र आवाज झाला आणि मी किंचाळले.

मग तिनं बशीचा फोटो पाठवला. क्षणात मावशीचा फोन आला.

"अगं बये, उतरव आधी!"

"उतरवलंय," म्हणत ती फरशीवरच बसली.

थेंब गार झाल्यावर तिनं चाखला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"गोड," ती हळूच फोनमध्ये म्हणाली. "शेवटी जरासं कडू. अगदी तुझ्या हातच्यासारखंच झालंय, मावशी."