हायली ओब्लाइज्ड

हासनच्या पाटबंधारे कचेरीत सगळ्यांचे रजेचे अर्ज हेडक्लार्क मादप्पाच इंग्रजीत लिहून द्यायचे. सुरुवातीला ‘काइंडली ग्रँट’ आणि शेवटी ‘हायली ओब्लाइज्ड’ नसेल, तर तो अर्ज त्यांच्या लेखी अर्जच नव्हता. नव्या इंजिनीयर चैत्राबाईंनी मात्र खुद्द त्यांचाच अर्ज परत केला.

“मादप्पा, अर्धं पान नुसत्या विनवण्या! रजा कुठल्या दिवशी हवी, तेवढंच नाही यात.”

मादप्पांनी पाहिलं. खरंच तारीख राहिली होती. त्यांचे कान तापले.

“हक्काची रजा आहे तुमची. कधी, कशासाठी आणि काम कोण बघणार, एवढंच लिहा.”

त्यांनी धुसफुसत लिहिलं, ‘मला सोमवारी आणि मंगळवारी रजा हवी आहे. नातीचं बारसं आहे. टपाल नागरत्ना बघतील.’ वाचताना त्यांना आपण सदरा न घालताच कचेरीत आलोय असं वाटलं.

बाईंनी लगेच सही केली. मादप्पा जागचे हलेनात.

“आता काय राहिलं?”

मादप्पांनी हात जोडले आणि ते कमरेत वाकले. “हायली ओब्लाइज्ड, मॅडम. कागदावर नको म्हणालात, म्हणून तोंडी आणलंय.”