एसीतला कुबट वास

बाबा गेल्यावर आईने हरणी भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांचा फोटो त्यांच्याच खोलीत, एसीखाली लावला. एसी सुरू केला की कुबट भपका यायचा. तो जावा म्हणून आई फोटोपुढे आणखी एक उदबत्ती लावायची आणि मी चिडायचो.

शेवटी एका गुजराती मेकॅनिकला बोलावलं. त्याने कॉइल धुतली, ब्लोअरचं चाक काढून ब्रशने घासलं. बादलीत काळं पाणी साचलं. "आ तो अगरबत्तीनो धुमाडो छे, भाई." ओल्या कॉइलवर धुराचा चिकटा बसला होता, त्याला धूळ चिकटली होती आणि त्यावर बुरशी आली होती.

"बघ, सांगत होतो ना!" मी आईवर ओरडलो. तिने उदबत्तीचं घर उचललं.

आता त्या खोलीत कसलाच वास येत नाही. आईही येत नाही.